चिठ्ठीमामा आणि न लागलेली आग

आग लागली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वरचं शीर्षक वाचून कोणी धावत आलं असेल तर त्यांनी इथूनच परत फिरावं, माझा राग नाही. ही गोष्ट आमच्या शेजारी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मामांची आहे, आणि त्यांच्या संगतीत राहून मलाही शेवटचं आधी सांगायची खोड लागली आहे.

मी टेलर. माझं दुकान आणि मामांचं दुकान यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे आणि तीही छतापर्यंत पोचत नाही. माझ्या गिऱ्हाइकाने माप देताना पोट आत ओढलं की पलीकडून मामांचा आवाज येतो, "बाई, दोन बोटं जास्त धरा." गिऱ्हाईक रागावतं, पण कपडा बरोबर बसतो.

मामा सख्खे कोणाचेच नाहीत, अपवाद एका भाचीचा. पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते, आणि पाठीमागे चिठ्ठीमामा. त्याचं कारण असं, की दुकानात मशीन आली की मामा ती लगेच उघडत नाहीत. आधी चाक हाताने फिरवतात, मान तिरकी करून ऐकतात, आणि मग मशीनच्या दांड्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर तीन ओळी. काय झालं, कशामुळे, आता काय. "काय झालं: टाके सुटतात. कशामुळे: सुई उलटी बसवली. आता काय: सरळ केली, घेऊन जा." दुसरा कोणी असता तर मशीन दोन दिवस ठेवून घेतली असती आणि भारदस्त चेहरा केला असता. मामांना तो चेहरा जमतच नाही.

त्यातली मधली ओळ भांडणं लावणारी. मामा तिथे खरं लिहितात. "कशामुळे: मशीनवर फुलांची कुंडी ठेवली होती." "कशामुळे: जाऊबाईंनी जाड गादी शिवली." या ओळीपायी एका घरात दोन जावा आठवडाभर बोलत नव्हत्या. मी मामांना म्हटलं, "तेवढी ओळ गाळत जा हो." तर म्हणाले, "ती गाळली तर मशीन पुन्हा माझ्याकडेच येणार. मला काय तिचं तोंड बघायची हौस आहे?"

त्यांचे व्हिडिओ सुरू केले ते भाचीने. भाची एका फोटो स्टुडिओत काम करते. मागचं दृश्य कापायचं, नवं लावायचं, काळवंडलेलं तोंड उजळायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने मामांच्या टेबलावर फोन उलटा टांगला आणि मामांचे हात तेवढे दाखवले. शीर्षक मामाच सांगायचे. "धागा तुटतो, बहुतेक वेळा सुई उलटी असते." भाची कपाळाला हात लावायची.

"मामा, उत्तर शीर्षकातच दिलंत तर व्हिडिओ कोण बघेल?"

"ज्याला सुई सरळ कशी करायची ते माहीत नाही तो बघेल. ज्याला माहीत आहे त्याचा वेळ कशाला खायचा?"

असे चारशे-पाचशे लोक मामांचे व्हिडिओ बघायचे. थोडे, पण घट्ट. शेवटपर्यंत बघायचे, खाली प्रश्न लिहायचे, आणि मामा एका बोटाने टाइप करत प्रत्येकाला तीन ओळींत उत्तर द्यायचे. त्यात एक पडदेवाल्या ताई होत्या, दूरच्या कुठल्यातरी गावात पडदे शिवणाऱ्या. त्या नेहमी पहिल्या. "मामा, तुम्ही सांगितलंत तसं केलं, चाललं." एवढंच लिहायच्या. मामा ते वाक्य मला भिंतीवरून वाचून दाखवायचे.

मग तो तेलाचा व्हिडिओ आला.

मामांनी त्यात सांगितलं होतं ते अगदी साधं. मशीनमध्ये केसांचं तेल घालू नका, स्वयंपाकाचं घालू नका, ती तेलं चिकट होऊन बसतात. हे पिवळ्या बाटलीतलं मशीनचं तेल घाला, रोज सकाळी दोन थेंब. भाचीने व्हिडिओ पाहिला, उसासा टाकला, आणि मामांना न विचारता शीर्षक दिलं, "हे तेल घातलंत तर मशीन संपली!" थंबनेलसाठी, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी जे छोटं चित्र दिसतं त्यासाठी, तिने एक मशीन घेतली आणि तिला ज्वाळा लावल्या. स्टुडिओची कला, ज्वाळा अस्सल दिसत होत्या. शेजारी मामांचा भेदरलेला चेहरा. मामा कधी भेदरत नाहीत, तो त्यांचा शिंक येण्याच्या बरोबर आधीचा फोटो होता. आणि तेल म्हणून तिने लाल बाण काढून दाखवली ती पिवळी बाटली. दुसऱ्या तेलाचा फोटो हाताशी नव्हता, म्हणून.

मला तिने आधी दाखवलं होतं. हे मी लपवत नाही. मला हसू आलं, आणि शिंकेचा चेहरा बघून तर जास्तच. बाटलीकडे माझं लक्षच गेलं नाही. मी म्हटलं, "मस्त आहे, टाक."

आठवड्यात नव्वद हजार लोकांनी व्हिडिओ उघडला. भाची दुकानात नाचली. मामांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि विचारलं, "एवढ्या लोकांकडे शिलाई मशीन आहे?"

मग त्यांनी चित्र पाहिलं.

"आग कुठे लागली?"

"लागली नाही हो मामा. असं करावं लागतं. सगळेच करतात."

मामांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांना फोन, चित्रं वगैरे भाचीचं खातं वाटायचं, आणि भाचीचा उत्साह मोडवेना. मग त्यांनी तोफ माझ्याकडे वळवली. "बाई, तुम्हाला चालतं हे?" मी म्हटलं, थोडं शोभिवंत करायला काय हरकत आहे? त्यावर मामांनी माझ्या दुकानातल्या पुतळ्याकडे बोट केलं. पुतळ्याच्या अंगावर फ्रॉक छान बसतो, कारण मागच्या बाजूने मी त्याला टाचण्या मारलेल्या असतात. ते गुपित त्यांना माहीत होतं. "तुमच्या टाचण्या मला चालतात," ते म्हणाले, "कारण फ्रॉक दुकानात आहे. आत येऊन मागितला तर मिळतो." मी कात्री शोधायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात भाचीचं नाचणं थांबलं. तिने मला एक आलेख दाखवला, लोक व्हिडिओत किती वेळ थांबतात त्याचा. रेघ वरून सुरू होत होती आणि विसाव्या सेकंदापासून जी कोसळत होती ती जमिनीलाच टेकत होती. अर्ध्याहून जास्त लोक अर्ध्या मिनिटात निघून गेले होते.

"हे सगळे कुठे गेले?" मामांनी भिंतीवरून डोकावून विचारलं.

"आग शोधत होते," मी म्हटलं.

खाली लोकांनी लिहिलं होतंच. "आग कितव्या मिनिटाला आहे?" "फसवणूक." एकाने लिहिलं, "मामा, तुम्हीसुद्धा?" ते वाचून मामा बराच वेळ नुसते बॉबिन पुसत बसले.

हे व्हिडिओ ज्यावर टाकतात त्या प्लॅटफॉर्मलाही डोळे असतात, हे मला तेव्हा कळलं. कोणी उघडलं एवढंच तो मोजत नाही, किती वेळ थांबले तेही मोजतो, आणि अधूनमधून काही जणांना थेट विचारतो, की हा व्हिडिओ कसा वाटला, किती तारे द्याल? आता कबुली देते. तसा प्रश्न मला आला होता. त्याच व्हिडिओबद्दल. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने कोट तिसऱ्यांदा उसवायला लावला होता, माझं डोकं तापलेलं होतं, आणि मी खरं सांगितलं. पाचपैकी एक तारा. पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं की जे झालं ते माझ्या त्या एका ताऱ्यामुळेच.

झालं असं, की तेलाचा व्हिडिओ नव्या लोकांपुढे येईनासा झाला. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानंतर टाकलेले दोन व्हिडिओ नेहमीच्या चारशेंनीही उघडले नाहीत. एकदा हात पोळलेला माणूस दुसऱ्यांदा जपूनच हात घालतो. आणि ते उघडेनात, म्हणून प्लॅटफॉर्म त्यांना मामांचे व्हिडिओ दाखवायचंही कमी करत गेला. पडदेवाल्या ताईंचं ते एक वाक्यही यायचं बंद झालं. मामा रोज सकाळी फोन बघायचे आणि ठेवून द्यायचे.

मग प्लॅटफॉर्मचं पत्र आलं. शीर्षक आणि थंबनेल प्रेक्षकांची दिशाभूल करतात, व्हिडिओत नाही ते आहे असं भासवतात, म्हणून व्हिडिओ काढून टाकला आहे. पहिलीच वेळ असल्यामुळे फक्त ताकीद. नियम समजावणारा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढचे नव्वद दिवस याच नियमाचा भंग केला नाही, तर ताकीदही निघून जाईल. केला, तर व्हिडिओ टाकणं काही दिवस बंद.

भाची रडकुंडीला आली. "लोक काय काय लावतात, आणि आमच्या चार ज्वाळा दिसल्या यांना." ती अपील करणार होती. मामा म्हणाले, "काढला ना? बरं झालं. विषय संपला." मलाही तेच वाटलं.

विषय आठवडाभराने दारात येऊन उभा राहिला. एक बाई, पन्नाशीच्या, हातात चादरीत बांधलेलं मशीनचं डोकं. बसने आल्या होत्या, दोन बस बदलून. मशीन टेबलावर ठेवली, पदराने घाम पुसला आणि मामांच्या हातांकडे बघत राहिल्या. "चेहऱ्यावरून ओळखलं नसतं," त्या म्हणाल्या. "हात ओळखले. मी पडदेवाली."

मामा खुर्चीवरून उठलेच. मला भिंतीपलीकडून हाक मारली, "बाई, चहा सांगा!" त्यांना झालेला आनंद सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल.

मग त्यांनी चाक फिरवून पाहिलं. चाक हलेना. दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा आतून कोरडा, दात खाल्ल्यासारखा आवाज आला. मामांनी मान तिरकी केली. "ताई, तेल कधी घातलं होतं?"

"तुम्ही नको म्हणालात तेव्हापासून नाही घातलं."

"मी?"

"चित्र आलं होतं ना. ती पिवळी बाटली, आणि मशीन पेटलेली. तुमचा चेहरासुद्धा होता, घाबरलेला. मी तर बाटली उचलून बाहेरच टाकली. सहा आठवडे झाले."

"अहो, पण व्हिडिओत मी सांगितलं होतं की तेच तेल घाला."

"व्हिडिओ मी नाही पाहिला."

भाची तेव्हाच स्टुडिओतून आली होती. ती दारातच म्हणाली, "का नाही पाहिलात, ताई?"

पडदेवाल्या ताईंना प्रश्नच कळला नाही. "मामांनी सांगितलंय म्हटल्यावर बघायचं काय?"

मी चहा घेऊन आले होते, तो तसाच धरून उभी राहिले. मला लाज वाटली. नव्वद हजार लोकांनी आग शोधून शिव्या घातल्या आणि निघून गेले, त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जिने मामांवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तिचं. आणि तिचा तो भरवसा आमच्या आलेखात कुठेच दिसला नव्हता, कारण तिने व्हिडिओ उघडायचं बटण दाबलंच नव्हतं.

मामांनी मशीन उघडली. केरोसिनने सगळे सांधे भिजवून ठेवले, दोन तास. खालचा धागा फिरवणारं शटल घासून खरवडलं होतं, ते बदललं. मग तेल घालून चाक हाताने पुढे-मागे, पुढे-मागे, एखाद्या आजाऱ्याचा हात हलवावा तसं. दुपारपर्यंत चाक एका बोटाने फिरायला लागलं. ताईंनी पैशांचं नाव काढलं तेव्हा मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पर्स मिटली.

चिठ्ठी राहिली होती. नेहमी आधी बांधतात, आज शेवटी लिहिली. मामा सुतळीची गाठ मारत होते तेव्हा मी ती वाचली.

काय झालं: मशीन जाम.
कशामुळे: माझ्या खोट्या चित्रामुळे.
आता काय: रोज दोन थेंब, पिवळ्या बाटलीतलं.

भाचीने ती वाचली आणि तिचा चेहरा पडला. "मामा, चित्र मी केलं होतं. तुमचं काय त्यात?"

"चेहरा माझा होता," मामा म्हणाले. "शिंकेचा असला म्हणून काय झालं?"

त्यावर पडदेवाल्या ताईंना हसू फुटलं. "शिंक होती होय ती? आणि मी देवाला हात जोडले, म्हटलं मामांना कुठे भाजलं-बिजलं तर नाही ना." मग मामा हसले, मग भाची रडता-रडता हसली, आणि चहा गार झाला होता म्हणून मी पुन्हा सांगितला.

निघताना मामांनी त्यांना नवी बाटली दिली. ताईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि जरा थांबल्या. "हे घालू ना? नक्की?" पूर्वी त्यांनी असं विचारलं नसतं. मामांनाही ते जाणवलं. "माझ्या शब्दावर जाऊ नका," ते म्हणाले. "घाला आणि चाक फिरवून बघा. चाक खोटं बोलत नाही."

त्याच संध्याकाळी मामा प्लॅटफॉर्मचा तो अभ्यासक्रम करायला बसले. भाची म्हणाली, मी करते. मामा म्हणाले, ताकीद दुकानाला आहे. चष्मा नाकावर घेऊन मोठ्याने वाचत होते. एका माणसाने शीर्षकात अमुक लिहिलं, व्हिडिओत तमुक आहे, तर हे नियमात बसतं का? मामा प्रत्येक प्रश्नाला त्या अदृश्य माणसावर चिडायचे. "अरे, नाही तुझ्याकडे तर सांगतोस कशाला?" सगळी उत्तरं बरोबर आली. भाचीने प्रश्न वाचता-वाचता दोन ठिकाणी चुकीचं उत्तर सुचवलं होतं, ते मामांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी सांगितलं.

तेलाचा व्हिडिओ नव्याने केला. सुरुवातीलाच मामांनी मागच्या चित्राबद्दल माफी मागितली, दहा सेकंदांत, आणि बाटली दाखवली. शीर्षक, "पिवळ्या बाटलीतलं तेल घाला, मागचं चित्र चुकीचं होतं." थंबनेलसाठी मात्र भाचीला राहवेना. तीन चित्रं एकाच वेळी लावून बघायची सोय असते. प्लॅटफॉर्म ती वेगवेगळ्या लोकांना दाखवतो आणि कोणत्या चित्रावरून आलेले लोक जास्त वेळ बघतात ते मोजतो. तिने एक लावलं बाण आणि गोलवालं, एक स्वच्छ बाटलीचं, आणि एक त्या चिठ्ठीचं, सुतळीसकट. "तिन्ही खरी आहेत," ती मामांना म्हणाली. "फ्रॉक दुकानात आहे." मामांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी निकाल आला. चिठ्ठी जिंकली, अगदी थोडक्यात. भाचीचा तिच्या बाणांवरचा विश्वास अजून पुरता उडालेला नाही, ती म्हणते थंडीच्या दिवसांत ही चाचणी पुन्हा घेऊ.

लोक नव्वद हजार आले नाहीत. सहाशेच्या आसपास आले आणि बसून राहिले. तेव्हापासून प्रत्येक थंबनेल म्हणजे एक चिठ्ठी. भाची अक्षर मात्र सुधारून घेते, मामांचं अक्षर फारच वाईट आहे.

पडदेवाल्या ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मामा, पूर्ण पाहिला. दोनदा. मग तेल घातलं." मामांनी ते भिंतीवरून वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान आहे की, पूर्ण बघतात आता. म्हणाले, "छान आहे. पण पूर्वी तिला बघावं लागत नव्हतं." पुढच्या व्हिडिओलाही तेच. "पूर्ण पाहिला. मग केलं." त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, "बरोबर आहे तिचं," आणि प्रत्येक वेळी तिचं बरोबर असण्याने त्यांना जरा लागायचं.

ताकीद निघून गेली तेव्हा भाचीने पेढे आणायचे म्हटलं, मामांनी नव्वद दिवस खोटं न बोलल्याबद्दल कोणी तोंड गोड करतं का असं विचारून तिला गप्प केलं.

काल दुपारी नवा व्हिडिओ टाकला. विषय, मशीनचं चाक फिरवणारा पट्टा सैल झाला तर. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पट्टा दोन बोटं कापा, जास्त नको." व्हिडिओ अकरा मिनिटांचा. मी एका फ्रॉकची कड दुमडून शिवत होते, इतक्यात पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मामांचं डोकं भिंतीवर उगवलं.

"बाई, आत्ता किती वाजले?"

मी घड्याळ पाहिलं. व्हिडिओ टाकून चार मिनिटं झाली होती.

मामांनी फोन माझ्यापुढे धरला. पडदेवाल्या ताई, पहिल्या. "दोन बोटं कापला. चाललं."

"अकरा मिनिटांचा आहे," मामा म्हणाले. "हिने बघितलाच नाही." आणि एवढं बोलून ते इतके हसले, की पलीकडे कुठलीतरी मशीन टेबलावरून पडता-पडता राहिली. मग डोळे पुसून खाली उतरले आणि भाचीला फोन करून म्हणाले, पुढची चिठ्ठी लावायच्या आधी मला दोनदा वाचून दाखव.